शेवटच्या स्लाइडवरून पुन्हा कव्हरवर: कॅरोसेलचा लूप कसा बांधायचा

इन्स्टाग्रामवर माहितीच्या पोस्ट करणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतो. शेवटची स्लाइड अशी करा की ती पहिलीला जाऊन मिळेल, म्हणजे वाचक सगळी पोस्ट पुन्हा बघेल. ऐकायला सोपं वाटतं. मग लोक कव्हरचंच चित्र जरा रंग बदलून शेवटी लावतात, त्यावर एक गोल बाण काढतात आणि वाट बघत बसतात. वाचक शेवटच्या स्लाइडपर्यंत येतो, अंगठा वर सरकवतो आणि पुढच्या पोस्टवर निघून जातो.

सल्ल्यात चूक नाही, पण तो अर्धाच सांगितला जातो. उरलेला अर्धा कळायला आधी कॅरोसेल हातात कसं चालतं ते बघावं लागतं.

शब्दांचं आधी उरकून घेऊ. एकाच पोस्टमध्ये आडव्या ओळीत लावलेल्या चित्रांच्या संचाला कॅरोसेल म्हणतात. त्यातलं एकेक चित्र म्हणजे स्लाइड, पहिली स्लाइड म्हणजे कव्हर, आणि बोटाने स्लाइड सरकवणं म्हणजे स्वाइप. शेवटाकडून वाचक पुन्हा सुरुवातीला जातो त्या रचनेला लूप म्हणतात. एवढे शब्द पुरतील.

## कॅरोसेल गोल नाही, सरळ आहे

इन्स्टाग्रामने ही सोय २०१७ मध्ये आणली तेव्हा एका पोस्टमध्ये दहा चित्रं बसायची. २०२४ मध्ये ही मर्यादा वीसवर गेली. पण दहा असोत की वीस, ओळीला दोन टोकं आहेत आणि ती एकमेकांना जोडलेली नाहीत. शेवटच्या स्लाइडवर आणखी पुढे सरकवायला गेलं तर चित्र थोडं ताणलं जातं आणि सोडताच जागेवर येतं. त्यापुढे काही नसतं.

कव्हरवर परत जायचा रस्ता एकच, आलो तसं मागे जायचं. सहा स्लाइडचं कॅरोसेल असेल तर पाच स्वाइप, दहाचं असेल तर नऊ, वीसचं असेल तर एकोणीस. एकोणीस वेळा मागे स्वाइप करणारा वाचक मला तरी भेटलेला नाही. म्हणून लूप करायचाच असेल तर कॅरोसेल आखूड हवं. पाच-सहा स्लाइडपर्यंत ते जमतं, आठच्या पुढे मी त्या वाटेला जात नाही.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. सलग पार्श्वभूमीचं कॅरोसेल करणारे एक लांबलचक चित्र घेऊन त्याचे तुकडे पाडतात. लूप हवा म्हटल्यावर त्यातले काही जण शेवटच्या स्लाइडची उजवी कड कव्हरच्या डाव्या कडेशी जुळवत बसतात. इन्स्टाग्रामवर ही मेहनत वाया जाते, कारण त्या दोन कडा कधीच शेजारी येत नाहीत. टिकटॉकवरच्या फोटो पोस्ट आपोआप पुढे सरकतात आणि शेवट झाला की पुन्हा पहिल्या फोटोवर येतात. वेबसाइटवरच्या अनेक कॅरोसेलमध्येही गोल फिरण्याची सोय चालू करता येते. तिथे कड जुळवण्याला अर्थ आहे. सरळ ओळीत मात्र लूप चित्रात नसतो, वाचकाच्या डोक्यात असतो. त्याला परत जावंसं वाटलं तरच तो होतो.

## मग वाचक परत का जाईल?

उत्तर कळल्यावर माणूस कोडं पुन्हा एकदा वाचतो. शब्द तेच असतात, पण आता प्रत्येक शब्द वेगळा दिसतो, आणि ‘हे समोरच होतं की!’ असं वाटतं. लूप चालतो तो याच ओढीवर. कव्हर असं हवं की पहिल्यांदा त्यातून एक अर्थ निघेल आणि शेवटची स्लाइड वाचून परत आलं की दुसरा.

याचा अर्थ शेवटची स्लाइड आधी ठरवायची आणि मग तिला साजेसं कव्हर करायचं. बहुतेक जण याच्या उलट करतात. कव्हर, मधला मजकूर, आणि शेवटी वेळ उरला तर लूप. अशा कॅरोसेलमध्ये परत जाऊन बघण्यासारखं कव्हरवर काही नसतंच, मग बाण कितीही सुंदर काढा.

## एक कॅरोसेल बांधून बघू

विषय घेऊ: स्तंभालेख डोळ्याला कसा फसवतो. स्तंभालेख म्हणजे उभ्या पट्ट्यांचा आलेख. सहा स्लाइड करायच्या, प्रत्येक १०८० पिक्सेल रुंद आणि १३५० उंच.

कव्हरवर दोन पट्ट्या आहेत, गेलं वर्ष आणि हे वर्ष. दुसरी पहिलीच्या बरोबर दुप्पट उंच. वर मथळा: ‘शंभरातले किती ग्राहक समाधानी? एका वर्षात केवढी झेप!’ डावीकडच्या उभ्या अक्षावर, म्हणजे मोजपट्टीच्या रेघेवर, खाली ९० आणि वर ९५ लिहिलं आहे. प्रत्यक्षातले आकडे ९२ आणि ९४. मोजपट्टी नव्वदपासून सुरू केली की पहिल्या पट्टीच्या वाट्याला दोन घरं येतात आणि दुसरीच्या वाट्याला चार. एका घराला १२० पिक्सेल उंची दिली तर एक पट्टी २४० आणि दुसरी ४८० पिक्सेल होते. खरी वाढ सव्वादोन टक्क्यांच्याही आत आहे. कव्हरवर खोटं काहीच छापलेलं नाही, ९० हा आकडा सगळ्यांसमोर आहे. फक्त घाईत तिकडे कोणी बघत नाही.

आता मधल्या स्लाइड. इथे एक मोह आवरावा लागतो. कव्हरवरचाच आलेख उलगडून दाखवला तर गुपित चौथ्या स्लाइडलाच फुटतं आणि परत जायचं कारण संपतं. म्हणून मधल्या स्लाइडना दुसरं उदाहरण द्यायचं, आकडे ६० आणि ६२. दुसऱ्या स्लाइडवर मोजपट्टी ५८ पासून सुरू होते, त्यामुळे पट्ट्या पुन्हा २४० आणि ४८० पिक्सेलच्या, अगदी कव्हरसारख्या. तिसऱ्यावर खालचा कापलेला भाग फिक्या रंगात सूचित करायचा आणि मोजपट्टी कुठे तोडली आहे तिथे बोट ठेवायचं. चौथ्यावर मोजपट्टी शून्यापासून शंभरपर्यंत. एका घराला सहा पिक्सेल मिळतात, पट्ट्या ३६० आणि ३७२ होतात, फरक बारा पिक्सेलचा. साधारण सात सेंटिमीटर रुंदीच्या फोनवर तो एक मिलिमीटरही भरत नाही. पाचव्या स्लाइडवर दुसरी बाजू: मोजपट्टी शून्यापासून न सुरू करणं कधी योग्य असतं. ताप मोजण्याचा रेषालेख शून्य अंशापासून काढला तर त्यातून काहीच कळणार नाही.

सहाव्या स्लाइडवर एकच वाक्य: ‘पहिल्या स्लाइडवरची मोजपट्टी कुठून सुरू होते?’

वाचकाला नियम समजलेला आहे, पण तो कव्हरला लावून बघितलेला नाही. पाच स्वाइप मागे गेलं की तेच चित्र, त्याच पट्ट्या, आणि आता नजर आधी खालच्या ९० वर जाते.

## शेवटच्या स्लाइडवर काय दाखवायचं, काय झाकायचं

पहिला प्रश्न येतो तो हा की कव्हर शेवटच्या स्लाइडवर पुन्हा छापायचं का. पूर्ण छापलं तर वाचकाला उत्तर तिथेच मिळतं आणि तो परत जात नाही. काहीच दाखवलं नाही तर कोणत्या चित्राबद्दल बोलणं चाललंय हेच त्याला आठवत नाही. मधला मार्ग म्हणजे कव्हरचा तुकडा. आपल्या उदाहरणात दोन पट्ट्यांची वरची टोकं दाखवायची आणि खालचा भाग, जिथे ९० लिहिलं आहे, तो चौकटीबाहेर ठेवायचा. पार्श्वभूमीचा रंग कव्हरचाच, मधल्या स्लाइडचा वेगळा. एवढ्यावर ओळख पटते.

दुसरा प्रश्न बाणाचा, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कव्हरवर उजवीकडे दाखवणारा बाण असतो, कारण पुढची स्लाइड उजवीकडे आहे. बोट मात्र उजवीकडून डावीकडे जातं. म्हणजे बाण स्लाइड कुठे आहे ते दाखवतो, बोट कसं फिरवायचं ते नाही. वाचकाला हे अंगवळणी पडलेलं आहे, तेव्हा शेवटीही तीच पद्धत ठेवायची: कव्हर डावीकडे आहे, म्हणून बाण डावीकडे, डाव्या कडेला चिकटून. टेम्प्लेटमधला उजवा बाण शेवटच्या स्लाइडवर तसाच राहिला, तर वाचक त्यावर विश्वास ठेवून पुढे सरकवतो, चित्र ताणलं जाऊन परत येतं, आणि त्याच्या दृष्टीने पोस्ट तिथे संपते. गोल बाणही टाळावा. तो बघून गोल फिरता येईल असं वाटतं, आणि ते इथे शक्य नाही. बाणाजवळ ‘मागे, पहिल्या स्लाइडवर’ असं साध्या शब्दांत लिहिलं की शंका राहत नाही.

तिसरी गोष्ट गर्दीची. शेवटची स्लाइड म्हटलं की फॉलो करा, सेव्ह करा, मित्राला पाठवा, कमेंट करा, सगळ्या विनंत्या तिथेच येऊन बसतात. त्या गर्दीत परत जाण्याची विनंती पाचवी ठरते आणि कोणीच ऐकत नाही. लूप करायचा तर बाकीच्या विनंत्या चित्राखालच्या मजकुरात हलवा.

आणि कव्हरवरचा तो खुणेचा आकडा वाचता आला पाहिजे. सात सेंटिमीटरच्या फोनवर २४ पिक्सेलचं अक्षर जेमतेम दीड मिलिमीटरचं होतं, त्यात वेलांट्या आणि रफार एकमेकांत मिसळतात. ३६ पिक्सेलला ते सव्वादोन मिलिमीटरच्या पुढे जातं आणि नीट वाचता येतं. आकडा डोळ्यात भरायला नको, पण शोधणाऱ्याला सापडायलाच हवा. जागाही जपून निवडावी. उजव्या वरच्या कोपऱ्यात इन्स्टाग्राम स्वतःचा ‘१/६’ सारखा आकडा दाखवतं, तो खुणेवर येऊ शकतो. प्रोफाइलवरची चौकट २०२५ पासून ३:४ प्रमाणात आहे. आपली स्लाइड ४:५ असल्यामुळे तिथे दोन्ही बाजूंनी सुमारे ३४ पिक्सेल कापले जातात. अगदी कडेला ठेवलेली खूण तिथून पोस्ट बघणाऱ्याला दिसणार नाही.

## मागे जाताना स्लाइड उलट्या येतात

याचा विचार फार थोडे जण करतात. शेवटाकडून कव्हरकडे जाणारा वाचक पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी अशा क्रमाने सगळं पुन्हा बघतो. तो वाचत नाही, ओझरतं बघतो, पण बघतो नक्की. एखादं वाक्य एका स्लाइडवर सुरू होऊन दुसऱ्यावर संपत असेल तर उलट्या क्रमात आधी शेपूट दिसते आणि मग डोकं. म्हणून लूप असलेल्या कॅरोसेलमध्ये प्रत्येक स्लाइडवरचं वाक्य तिथेच पूर्ण झालं पाहिजे.

याचा फायदाही करून घेता येतो. आपल्या उदाहरणात कव्हर आणि मधल्या तीन स्लाइडवर आलेखाची पायारेघ त्याच उंचीवर आणि पट्ट्या त्याच जागी ठेवल्या तर मागे जाताना काय दिसतं? चौथ्या स्लाइडवर जवळपास सारख्या असलेल्या पट्ट्या दुसऱ्यावर येईपर्यंत एकीच्या दुप्पट दुसरी होतात, आणि पुढचाच स्वाइप कव्हरवर नेतो, जिथे पट्ट्या हुबेहूब तशाच उंच आहेत. कापलेली मोजपट्टी आणि कव्हर यांचं साम्य वाचकाला सांगावं लागत नाही. परतीची वाटच ते दाखवते, आणि पुढे जाताना ते एवढं ठळक दिसलेलं नसतं. माझ्या मते हा या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात देखणा भाग आहे, आणि त्यासाठी लागतं ते फक्त मार्गदर्शक रेघांवर आलेख बसवण्याचं कष्टाळू काम. पाचवी स्लाइड यातून वगळली तरी चालते, ती वेगळ्या आलेखाची आहे.

## ‘पण वाचकाने कव्हर बघितलंच नसेल तर?’

हा आक्षेप रास्त आहे. एखाद्याच्या फीडमध्ये तुमचं कॅरोसेल आलं आणि त्याने स्वाइप न करताच ते सोडून दिलं, तर इन्स्टाग्राम अनेकदा तीच पोस्ट त्याला पुन्हा दाखवतं, आणि या वेळी दुसऱ्या स्लाइडपासून. म्हणजे काही वाचक दुसऱ्या स्लाइडवरूनच आत शिरतात. कव्हर त्यांनी आदल्या दिवशी अर्धा क्षण बघितलेलं असतं, किंवा लक्षातही नसतं.

अशा वाचकाला शेवटी ‘कव्हर आठवतंय का?’ असं विचारलं तर तो गोंधळतो. म्हणून वाक्य आठवणीवर टेकवायचं नाही, जागेवर टेकवायचं. ‘पहिल्या स्लाइडवरची मोजपट्टी कुठून सुरू होते?’ हा प्रश्न कव्हर कधीच न बघितलेल्यालाही कळतो. तो परत जातो तेव्हा खरं तर पहिल्यांदाच जातो, आणि नियम माहीत असल्यामुळे फसत नाही. त्याची मजा थोडी कमी होते, इलाज नाही.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचंही इथेच बघून घ्यावं. चित्र दिसत नसेल तर फोन त्याचं लिखित वर्णन वाचून दाखवतो, आणि इन्स्टाग्रामवर प्रत्येक स्लाइडला असं वर्णन देता येतं. कव्हरच्या वर्णनात ‘दोन पट्ट्या, दुसरी दुप्पट उंच’ एवढंच लिहिलं तर त्या वाचकासाठी लूप कधीच पूर्ण होणार नाही. ‘मोजपट्टी ९० पासून ९५ पर्यंत’ हेही लिहायला हवं, ठासून न सांगता, चित्रात आहे तसं.

## ही वाचकाची फसवणूक नाही का?

होऊ शकते. शेवटच्या स्लाइडवर ‘तिसऱ्या स्लाइडवर लपलेलं रहस्य शोधा’ असं लिहून तिसऱ्यावर काहीच नसणं ही सरळ फसवणूक आहे. खूण इतकी बारीक ठेवणं की ती कोणाला सापडूच नये, हाही त्याचाच भाऊ. फरक ओळखायची कसोटी अशी: वाचक परत गेला तर त्याला नवीन काही मिळतं का? आणि न गेलेल्याचं काही नुकसान होतं का? आपल्या उदाहरणात न परतलेल्यालाही कापलेली मोजपट्टी ओळखता येते, नियम त्याला पाच स्लाइडमध्ये पूर्ण मिळालेला आहे. परतणाऱ्याला तो स्वतः लावून बघण्याची संधी मिळते. मुख्य माहितीच परतीच्या वाटेवर लपवली असती तर ते वाईट झालं असतं.

काही जण असंही विचारतील की एवढं करून पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोहोचते का. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला, पोस्ट किती पोहोचते यात सगळ्यात वजनदार ठरणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या: लोक ती बघण्यात घालवतात तो वेळ, लाइक, आणि इतरांना पाठवणं. परत फिरणारा वाचक पोस्टवर जास्त वेळ थांबतो, तेव्हा लूपचा संबंध आलाच तर पहिल्या गोष्टीशी येतो. पण रटाळ पोस्टवर कोणी दुप्पट वेळ घालवत नाही. पहिली फेरीच जमली नसेल तर दुसरीचा विचार करण्यात अर्थ नाही.

## लोक खरंच परत गेले हे कसं ओळखायचं?

‘किती जण शेवटून कव्हरवर गेले’ असा रकाना पोस्टच्या आकडेवारीत नसतो. पोस्ट किती वेळा दिसली आणि किती खात्यांपर्यंत पोहोचली हे दोन आकडे शेजारी ठेवून काही जण अंदाज बांधतात. पण फीडमध्ये तीच पोस्ट पुन्हा समोर आली तरी दिसण्याचा आकडा वाढू शकतो, त्यामुळे त्यावरून लूप चालला असं म्हणणं धाडसाचं आहे.

त्यापेक्षा प्रश्नातच मोजमाप ठेवा. ‘मोजपट्टी कुठून सुरू होते? आकडा कमेंटमध्ये लिहा.’ उत्तर फक्त कव्हरवर आहे, त्यामुळे ‘९०’ लिहिणारे बहुतेक सगळे तिथे जाऊन आलेले असतात. इतरांच्या कमेंट वाचून उत्तर देणारे थोडे असतील, म्हणून पहिल्या तासाभरातल्या कमेंट जास्त विश्वासाच्या. कोणी ‘०’ किंवा ‘५८’ लिहीत असेल तर तेही उपयोगी आहे. ‘५८’ म्हणजे तो दुसऱ्या स्लाइडवरच थांबला, त्याला दुसरी स्लाइडच पहिली वाटली. कव्हर आणि दुसरी स्लाइड दिसायला फार सारख्या झाल्या आहेत, किंवा तो दुसऱ्या स्लाइडवरून आत आला होता.

पोस्ट करण्याआधीची चाचणी याहून सोपी आहे. कॅरोसेल न बघितलेल्या दोन-तीन जणांच्या हातात फोन द्या, काही सांगू नका आणि फक्त अंगठ्याकडे बघा. शेवटच्या स्लाइडवर तो पुढे ढकलू लागला तर बाण चुकलाय. थांबून मग वर सरकला तर प्रश्नात ओढ नाही. मागे निघाला पण तिसऱ्यावर सोडून दिलं तर स्लाइड जास्त आहेत. कव्हरवर पोहोचून नजर भिरभिरत राहिली तर खूण फार लहान आहे किंवा भलत्या कोपऱ्यात आहे.

पोस्ट गेल्यानंतर एखादी स्लाइड काढून टाकता येते, आणि चूक सापडली की लोक ते पटकन करतात. तेव्हा शेवटच्या स्लाइडवरचा मजकूर पुन्हा वाचा. ‘चौथी स्लाइड बघा’ असं तिथे लिहिलं असेल आणि तुम्ही दुसरी काढली असेल, तर चौथी आता तिसरी झाली आहे. ‘पहिली स्लाइड’ असं लिहिलं असेल तर कव्हर हलवल्याशिवाय ते बिघडत नाही.